पिनांची डबी रिकामी झाली तर

विचारप्रक्रियेचा धडा सुरू करण्याआधी मी वर्गाला एक काम देते. टेबलावर एक बारीक मेणबत्ती, एक काडेपेटी आणि ड्रॉइंग पिनांनी भरलेली पुठ्ठ्याची छोटी डबी ठेवलेली असते. समोर भिंतीवर सॉफ्टबोर्ड असतो. मेणबत्ती त्या बोर्डावर डोळ्यांच्या उंचीला अशी बसवायची, की ती ताठ उभी राहील आणि पेटवली तर मेण खाली टपकणार नाही. टेबलावर जे आहे तेवढंच वापरायचं.

पुढची काही मिनिटं जवळजवळ ठरलेल्या वाटेने जातात. कुणीतरी मेणबत्तीतून आरपार पिन घालायला बघतं. पिन आखूड पडते, नाहीतर मेणबत्तीच चिरते. मग एकजण काडी पेटवून मेणबत्तीची कड वितळवतो आणि ती बोर्डाला दाबून धरतो. दोन सेकंद ती चिकटते आणि हात काढला की खाली येते. तिसरी मुलगी चार पिना ओळीने अर्धवट टोचून त्यांचा कठडा करते, त्यावर मेणबत्ती डुगडुगते. यानंतर शांतता पसरते. मुलं टेबलाकडे बघत राहतात, हात डबीत जातो, एक पिन उचलतो आणि पुन्हा ठेवतो.

उत्तर त्या हाताखालीच असतं. डबी रिकामी करायची, दोन पिनांनी बोर्डाला टोचायची, तिच्या तळावर मेणाचा थेंब पाडून मेणबत्ती उभी करायची. डबीचा देव्हाऱ्यातल्या फळीसारखा उपयोग झाला. उत्तर दाखवलं की वर्गातून एकच आवाज येतो, ‘अरे हो!’ डबीला सपाट तळ असतो हे वर्गात कुणाला माहीत नव्हतं असं नाही. माहिती सगळ्यांकडे होती, पण तिच्यापर्यंत पोचायची वाट बंद झाली होती. ती कशाने बंद झाली, हे या प्रयोगाच्या मूळ मांडणीत फार सुंदर दिसतं.

हे कोडं कार्ल डुंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं. १९०३ साली लाइपझिगमध्ये जन्मलेले डुंकर बर्लिनमध्ये माक्स वेर्थहायमर आणि वोल्फगांग क्योलर यांच्या गेस्टाल्ट परंपरेत, म्हणजे अनुभव सुट्या भागांत न तोडता अखंड पाहणाऱ्या विचारधारेत, तयार झाले. १९३५ मध्ये त्यांचं सर्जनशील विचारांवरचं पुस्तक जर्मनमध्ये आलं. नाझी राजवटीत त्यांना तिथे पुढे काम करणं अशक्य झालं. केंब्रिजमार्गे ते अमेरिकेतल्या स्वार्थमोर कॉलेजात पोचले आणि १९४० मध्ये, वयाच्या अवघ्या ३७व्या वर्षी त्यांचा अंत झाला. पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद १९४५ मध्ये निघाला. आज जगभर शिकवला जाणारा हा प्रयोग इतक्या तरुण माणसाचा आहे, हे मला दरवर्षी वर्गात सांगावंसं वाटतं.

डुंकरच्या मूळ कोड्यात तीन छोट्या मेणबत्त्या दारावर शेजारी शेजारी लावायच्या होत्या. टेबलावर बरंच सामान मांडलेलं होतं आणि त्यात काडेपेटीएवढ्या तीन पुठ्ठ्याच्या डब्या होत्या. खरी गंमत पुढे आहे. त्यांनी माणसांचे दोन गट केले. दोन्ही गटांना सामान तेच आणि काम तेच दिलं. फरक एवढाच, की एका गटासमोरच्या डब्या रिकाम्या होत्या, तर दुसऱ्या गटाच्या डब्यांत मेणबत्त्या, पिना आणि काड्या भरून ठेवल्या होत्या. रिकाम्या डब्या मिळालेल्या सातही जणांना उत्तर सापडलं. भरलेल्या डब्या मिळालेल्या सातांपैकी तिघांनाच.

सात-सात माणसांवर फार मोठी इमारत उभी करू नये, हे खरं. पण १९५२ मध्ये रॉबर्ट अॅडमसन यांनी जास्त माणसं घेऊन हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हाही हीच तफावत दिसली. रिकाम्या डब्या असताना बहुतेकांना जमलं, भरलेल्या असताना निम्म्यांनाही नाही.

डबी भरलेली असली की ती आधीच ‘कामावर’ असते. तिचं काम ठरलेलं असतं आणि ते काम डोळ्यांसमोर चालू असतं. त्यामुळे मेंदू तिला उरलेल्या सामानात मोजतच नाही. या अवस्थेला इंग्रजीत ‘फंक्शनल फिक्स्डनेस’ म्हणतात. मराठी पाठ्यपुस्तकांत त्याला वेगवेगळे प्रतिशब्द भेटतात, पण डुंकरचा मूळ जर्मन शब्द मला जास्त नेमका वाटतो. त्याचा अर्थ ‘बांधलेपण’ असा होतो. वस्तू तिच्या कामाला बांधली जाते, म्हणून मी ‘कार्यबद्धता’ म्हणते.

डुंकरचं आणखी एक कोडं सुतारकामाशी ओळख असलेल्यांना आवडेल. लाकडी पट्टीवरून तीन दोऱ्या टांगायच्या आहेत. अडकवायला स्क्रूचे आकडे मात्र दोनच आहेत. लाकडाला भोकं पाडायला गिरमिट दिलेलं आहे. तिसरी दोरी कशाला टांगायची? गिरमिटालाच. ते लाकडात फिरवून तसंच रुतवून ठेवायचं आणि दोरी त्याच्या दांड्याला बांधायची. जेव्हा भोकं आधीच पाडलेली होती आणि गिरमिट नुसतं पडलेलं होतं, तेव्हा दहापैकी दहाही जणांना हे सुचलं. ज्यांना आधी त्याच गिरमिटाने भोकं पाडावी लागली, त्या चौदांपैकी चौघांना शेवटपर्यंत सुचलं नाही. त्यांच्या हातात ते होतं, काही क्षणांपूर्वी त्यांनीच ते लाकडात रुतवलं होतं. तरी ते ‘भोक पाडायचं हत्यार’ राहिलं आणि काम झाल्यावर बाजूला ठेवलं गेलं.

यातून एक गैरसमज दूर होतो. कार्यबद्धता म्हणजे वर्षानुवर्षांच्या सवयीने आलेला गंज, असं आपण धरून चालतो. सवयीचा वाटा असतोच. पण डुंकरच्या दोन्ही गटांची डब्यांशी असलेली आयुष्यभराची ओळख सारखीच होती. फरक पडला तो त्या टेबलावर, त्याच दिवशी, डबीत काय ठेवलं होतं यामुळे. बांधलेपण काही मिनिटांतही तयार होतं.

याच ठिकाणी आपल्याकडच्या जुगाडाचं उदाहरण दिलं जातं. लाटणं सापडलं नाही तर बाटलीने पोळी लाटली, वाटीने पुऱ्या पाडल्या, निखारे घातलेल्या तांब्याने सदऱ्याला इस्त्री केली. मला ही उदाहरणं इथे फारशी लागू पडत नाहीत असं वाटतं. वाटीने पुऱ्या पाडताना आईला आपण पाहिलेलं असतं. तो वाटीचा दुसरा ठरलेला उपयोग झाला, शिकलेला. कार्यबद्धता बघायची असेल तर घरातल्या सगळ्या वाट्यांत चटणी, कोशिंबीर, लोणचं काढून ठेवलेलं असताना पुऱ्या पाडायची वेळ यावी लागते. तेव्हा माणूस ‘वाटीच नाही’ म्हणत कपाटं धुंडाळतो, कारण टेबलावर त्याला वाट्या दिसतच नाहीत, चटणी आणि कोशिंबीर दिसते.

भाषासुद्धा ही गाठ आवळते. ‘पिनांची डबी’ म्हटलं की डबी पिनांच्या मालकीची झाली. ‘पिना आणि डबी’ म्हटलं की दोन वस्तू झाल्या. सॅम ग्लक्सबर्ग आणि रॉबर्ट वाइसबर्ग यांनी १९६६ मध्ये मेणबत्तीच्या कोड्यात सामानाला नावं दिली. ज्यांच्यासाठी ‘डबी’ हे नाव ‘पिना’ या नावापासून वेगळं उच्चारलं गेलं, त्यांना उत्तर कितीतरी लवकर सापडलं. पुढे १९८० मध्ये टोरी हिगिन्स आणि विल्यम चेअर्स यांनी आणखी बारीक गोष्ट दाखवली. कोडं सोडवण्याआधी लोकांना भलत्याच वस्तूंची वर्णनं ऐकवली, काहींना ‘अंड्यांचा खोका’ या धर्तीवर, काहींना ‘खोका आणि अंडी’ या धर्तीवर. ‘आणि’ ऐकलेले लोक नंतर मेणबत्तीच्या कोड्यात सरस ठरले. आपली षष्ठी विभक्ती तर याबाबतीत फार बळकट आहे. चहाचा कप, औषधाची बाटली, मिठाची बरणी, काड्यांची पेटी. प्रत्येक नावात चा-ची-चे यांनी भांडं आतल्या वस्तूला शिवून टाकलेलं असतं. वर्गात मी आता दोन गट करते. एका गटाला म्हणते, ‘ही पिनांची डबी.’ दुसऱ्याला म्हणते, ‘या पिना, ही डबी.’ एवढ्याने फरक दिसतो का, हे मुलांनी स्वतः घड्याळ लावून बघावं असा माझा आग्रह असतो.

आता एक प्रश्न हमखास येतो. उत्तर सुचत नसेल तर जोर लावला, बक्षीस ठेवलं, तर सुचेल ना? ग्लक्सबर्ग यांनी १९६२ मध्ये हेच तपासलं. काहींना नुसतं सांगितलं की आम्हाला साधारण किती वेळ लागतो ते बघायचंय. काहींना पैसे कबूल केले. सर्वांत वेगवान पाव भागात आलात तर पाच डॉलर, सर्वांत पहिले आलात तर वीस. त्या काळात विद्यार्थ्याला ही रक्कम लहान नव्हती. डब्या भरलेल्या असताना, पैसे नसलेल्यांना सरासरी साडेसात मिनिटांच्या आसपास लागली. पैसे कबूल केलेल्यांना अकरा. म्हणजे बक्षिसाने साडेतीन मिनिटं वाढली.

डब्या रिकाम्या ठेवल्या तेव्हा मात्र उलट झालं. पैशांनी वेग वाढला, सरासरी पाच मिनिटांवरून चारच्या खाली आली. हा दुसरा भाग लोक सांगायचा विसरतात आणि ‘पैशाने बुद्धी मंदावते’ एवढंच पसरतं. पैसा माणसाला ज्या दिशेने तो चाललाय त्याच दिशेने जोरात ढकलतो. दिशा बरोबर असेल तर तो लवकर पोचतो. दिशा पिनेने मेणबत्ती भोसकण्याची असेल तर तो जास्त जिद्दीने भोसकत राहतो.

मग बरोबर दिशा सापडते कशी? याच्या जवळ जाणारं दुसरं जुनं कोडं नॉर्मन मायर यांचं, १९३१ सालचं, मिशिगन विद्यापीठातलं. मोठ्या खोलीत छतापासून दोन दोरखंड लोंबताहेत. त्यांची टोकं एकमेकांना बांधायची आहेत. एक धरून दुसऱ्याकडे जावं तर हात पुरत नाही. खोलीत खुर्च्या, काठी, जोडदोर, पक्कड असं सामान आहे. काठीने दुसरा दोर ओढून घेणं, एका दोराला तुकडा जोडून तो लांबवणं, किंवा एक दोर मध्यावर आणून खुर्चीला अडकवणं, ही उत्तरं बऱ्याच जणांना सुचतात. मायर प्रत्येक उत्तरानंतर म्हणत, ‘छान, आता वेगळी पद्धत शोधा.’ त्यांना हवं होतं ते चौथं उत्तर. एका दोराच्या टोकाला पक्कड बांधायची, त्याला झोका द्यायचा, धावत जाऊन दुसरा दोर मध्यापर्यंत आणायचा आणि झुलत आलेला पहिला दोर पकडायचा. इथे पक्कड पकडण्याच्या कामाची नाही, तिचं फक्त वजन हवं आहे.

६१ जणांपैकी सुमारे चाळीस टक्के लोकांना हे आपलं आपण सुचलं. बाकीचे अडकले की मायर खिडकीकडे जाताना सहज धक्का लागल्यासारखं करून एक दोर किंचित हलवत. बऱ्याच जणांना यानंतर मिनिटाच्या आत उत्तर सापडलं. त्यांना विचारलं, कसं सुचलं? हलणाऱ्या दोराचं नाव जवळजवळ कुणीच घेतलं नाही. एका मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी तर सांगितलं, की झोका घेत नदी ओलांडायचं चित्र डोळ्यांसमोर आलं, झाडांवरून झुलणारी माकडं दिसली आणि त्याच क्षणी उत्तर पूर्ण झालं. वर्णन प्रामाणिक होतं. मात्र खोलीत माकडं नव्हती, हललेला दोर होता. सुचण्याची गोष्ट माणूस नंतर रचतो आणि खरं कारण त्याच्या नजरेतून सुटलेलं असू शकतं. म्हणून ‘मला आंघोळ करताना सुचलं’ या प्रकारच्या आठवणींवर मी नियम बसवत नाही.

दोरांच्या या कोड्यात कार्यबद्धता मोजायची युक्ती १९५१ मध्ये हर्बर्ट बर्च आणि हर्बर्ट रॅबिनोविट्झ यांनी काढली. आधी एका गटाकडून विजेचं सर्किट पूर्ण करून घेतलं, त्यात रिले नावाचं विजेचं छोटं उपकरण वापरायला लावलं. दुसऱ्या गटाला त्याच कामात स्विच वापरायला दिला. मग दोर दाखवले आणि वजन म्हणून लावायला रिले आणि स्विच दोन्ही समोर ठेवले. रिले वापरलेल्यांनी वजनासाठी स्विच उचलला. स्विच वापरलेल्यांपैकी बहुतेकांनी रिले उचलला. वजन म्हणून दोन्ही सारखेच चालले असते. का निवडलं असं विचारल्यावर मात्र प्रत्येकाकडे आपल्या निवडीची कारणं तयार होती. ज्या वस्तूने नुकतं एक काम केलं, ती आता ‘त्या कामाची’ झाली होती.

लहान मुलांचा अनुभव यात फार बोलका आहे. टिम जर्मन आणि मार्गारेट डेफेटर यांनी २००० साली पाच, सहा आणि सात वर्षांच्या मुलांना एका बाहुल्याला उंच फळीपर्यंत पोचवायला सांगितलं. ठोकळे एकावर एक रचून उंची पुरत नव्हती, त्यांच्याखाली खोका पालथा घालावा लागत होता. सहा-सात वर्षांच्या मुलांना खोका आधी सामान ठेवण्यासाठी वापरलेला दाखवला, तर त्यांना उत्तर सापडायला जास्त वेळ लागला. पाच वर्षांच्या मुलांना काही फरक पडला नाही. खोका भरलेला असो वा रिकामा, त्यांनी तो तितक्याच सहजपणे पालथा घातला. पाच वर्षांचं मूल जास्त हुशार असतं, असा याचा अर्थ नाही. ‘ही वस्तू अमुक कामासाठी बनवलेली आहे’ ही समज त्या वयात अजून घट्ट झालेली नसते. ती समज आपल्याला रोज हजार वेळा उपयोगी पडते. चमचा दिसला की तो कशासाठी, याचा विचार करत बसावं लागलं असतं तर जेवण थंड झालं असतं. कार्यबद्धता ही त्याच समजेची किंमत आहे.

उत्तर जवळ आलंय हे आतून कळतं का? आपण लहानपणी ‘थंड, कोमट, गरम’ म्हणत लपवलेली वस्तू शोधायचो, तसंच जॅनेट मेटकाफ आणि डेव्हिड वाइबे यांनी १९८७ मध्ये केलं. कोडं सोडवताना दर पंधरा सेकंदांनी लोकांनी आपण उत्तराच्या किती जवळ आहोत ते नोंदवायचं. बीजगणिताच्या गणितांत आकडा हळूहळू चढत गेला. अचानक उलगडणाऱ्या कोड्यांत तो शेवटच्या क्षणापर्यंत थंडच राहिला आणि मग एकदम उकळला. मेटकाफ यांना आधीच्या वर्षी एक जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट आढळली होती. अशा कोड्यांत ज्यांना ‘आता आलंच, आता आलंच’ असं क्रमाक्रमाने वाटत होतं, त्यांचं उत्तर बरेचदा चुकीचं निघालं. पिनांच्या कठड्यावर मेणबत्ती डुगडुगत उभी करणाऱ्या मुलीला असंच वाटत असतं. प्रत्येक नव्या पिनेने ती थोडी कमी डुगडुगते, आणि म्हणूनच ती तो कठडा सोडायला तयार नसते.

एक गोष्ट इथे जोडायला हवी. मेणबत्तीचं कोडं सोडवणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात वीज चमकत नाही. मोठ्याने बोलत विचार करायला सांगितलं तर काहीजण म्हणताना ऐकू येतात, ‘पिना टिकत नाहीत, म्हणजे खालून आधार हवा, सपाट काहीतरी हवं.’ आणि मग ते टेबलावर सपाट वस्तू शोधतात. हा पायरीपायरीचाच शोध आहे. पण शोधाचा प्रश्न ‘मेणबत्ती चिकटवू कशी’ यावरून ‘मेणबत्तीखाली काय ठेवू’ इथे सरकलेला असतो. प्रश्न सरकला की डबी दिसते.

आता त्रयस्थ नजर का उपयोगी पडते, हे डुंकरच्या दोन गटांवरूनच सांगता येतं. खोलीत नवा माणूस येतो तेव्हा डबीत पिना भरलेल्या त्याने पाहिलेल्या नसतात. त्याच्यासाठी ती रिकामी असते. याचं मला माहीत असलेलं सर्वांत ठळक उदाहरण अलास्कातलं आहे. १९८९ मध्ये एक्झॉन व्हाल्डीझ जहाजातून प्रिन्स विल्यम साउंडमध्ये तेल सांडलं. त्या दुर्घटनेनंतर तिथे तेलगळती निवारणासाठी एक संशोधन संस्था स्थापन झाली. पाण्यावरून तेल गोळा करून बार्जमध्ये, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नौकेत, भरता येत होतं, पण तिथल्या थंडीत तेल आणि पाण्याचं मिश्रण इतकं घट्ट होई, की ते पंपाने उपसताच येत नसे. तेलाच्या क्षेत्रातल्या माणसांना दिसत होतं ते गोठलेलं तेल, आणि गोठलेल्या तेलाला करायच्या ठरलेल्या गोष्टी.

२००७ मध्ये संस्थेने हा प्रश्न इनोसेंटिव्ह या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला ठेवला आणि वीस हजार डॉलरचं बक्षीस लावलं. ते तेलउद्योगाबाहेरच्या जॉन डेव्हिस यांना मिळालं. त्यांनी काँक्रीटकडे पाहिलं. आपल्याकडे स्लॅब भरताना ज्यांनी बघितलं असेल त्यांना हे लगेच पटेल. घट्ट काँक्रीट नुसतं ओतलं तर ढिगासारखं बसतं. त्यात व्हायब्रेटरची सुई बुडवली की ते थरथरत पसरतं, सळयांच्या मधल्या फटींत शिरतं, आणि सुई काढली की पुन्हा जागच्या जागी घट्ट होतं. तीच थरथर बार्जमधल्या गोळ्याला दिली तर तो वाहता राहील, ही त्यांची सूचना होती.

डेव्हिस यांच्याकडे फक्त ‘नवी नजर’ नव्हती, हे इथे महत्त्वाचं आहे. थरथरीने घट्ट पदार्थ वाहतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. ज्याला तेलही माहीत नाही आणि काँक्रीटही माहीत नाही, अशा माणसाची नजर नवी असली तरी रिकामी असते. आणि दुसऱ्या बाजूला, प्रश्न मांडणाऱ्यांनी तो कसा मांडला यावर बरंच अवलंबून होतं. ‘गोठलेलं तेल कसं उपसावं’ असं विचारलं की तेलवालेच येतात. ‘थंडीत घट्ट झालेला द्रव वाहता कसा ठेवावा’ असं विचारलं की गवंडीकाम बघितलेल्यालाही दार उघडं असतं.

त्रयस्थ माणूस हाताशी नसेल तेव्हा काय करायचं, यावर मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या टोनी मॅकॅफ्री यांनी २०१२ मध्ये एक पद्धत मांडली. तिच्यात समोरच्या प्रत्येक वस्तूचे भाग पाडत जायचं आणि प्रत्येक भागाला दोनच प्रश्न विचारायचे. याचे आणखी भाग पडतात का? आणि मी दिलेल्या नावात याचा उपयोग दडलेला आहे का? दडलेला असेल तर तो काढून टाकून पुन्हा वर्णन करायचं, आकार आणि पदार्थ यांच्या भाषेत.

त्यांचंच एक कोडं या रीतीने सोडवून बघू. दोन जड पोलादी कड्या एकमेकींना घट्ट जोडायच्या आहेत, इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या. हाताशी आहे एक लांब मेणबत्ती, एक काडी आणि दोन इंचाचा पोलादी ठोकळा. सगळ्यांच्या मनात पहिलं येतं ते मेण वितळवून कड्या चिकटवणं. कड्या जड आहेत, मेण तुटतं. आता मेणबत्तीचे भाग पाडा. मेण आणि वात. ‘वात’ या नावात उपयोग दडलेला आहे का? आहे, जळणं. तो काढून टाका. काय उरलं? दोरी. ‘दोरी’तही बांधण्याचा उपयोग आहे, आणखी खाली उतरलं तर एकमेकांत पिळलेले लांब धागे. पण आपल्याला दोरीशी थांबलं तरी पुरे. कड्या बांधायला दोरी हवीच होती. ती मिळवायची कशी? मेणबत्ती ठोकळ्याच्या धारेवर घासून मेण खरवडायचं, वात मोकळी करायची आणि कड्या बांधायच्या. काडी पेटवायची गरजच पडत नाही. मॅकॅफ्री यांच्या प्रयोगात ही पद्धत शिकलेल्या गटाने न शिकलेल्या गटापेक्षा ६७ टक्के जास्त कोडी सोडवली.

तिच्या मर्यादा स्पष्ट आहेत. वस्तूच हाताशी नसेल किंवा अडचण माणसांमधली असेल, तर भाग पाडून काही हाती लागत नाही. सामान जास्त असेल तर यादी लांबत जाते आणि नेमका कोणता भाग कामाचा, हे यादी सांगत नाही. शिवाय घाईत ती कुणी करत नाही.

गेल्या वर्षी माझ्या वर्गात एका मुलीला उत्तर चटकन सापडलं. बाकीचे मेणबत्ती भोसकत होते तेव्हा ती बाजूला बसून काहीतरी मोजत होती. मी विचारलं, तुला कसं सुचलं? ती म्हणाली, ‘मॅडम, सुचलं नाही. किती पिना आहेत ते बघायचं होतं, म्हणून टेबलावर ओतल्या.’